घेतले, आले, गेले

दिवाळीला पाच दिवस उरले होते आणि आमचे मालक अण्णा यांनी सकाळी येताच बोनसचा आकडा विचारला होता. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. सतरा वर्षं झाली. ऑफिस आणि लूम यांच्यामध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे दिवसभर तो खटखटाट कानात असतो आणि तो थांबला की उलट दचकायला होतं. त्या दुपारी मात्र लूमचा आवाजही मला ऐकू येत नव्हता. माझ्यासमोर एक आकडा होता, १,४८,०५०, आणि तो दोनदा होता.

जीएसटीचा २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो. ज्यांच्याकडून आपण माल घेतला, त्यांनी आपल्या नावावर कोणकोणती बिलं दाखवली याची ती यादी. ती काढायची आणि आपल्या खरेदीच्या वहीशी ताडून बघायची. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडतं. भाजी निवडायला बसल्यासारखं मन लागतं. सप्टेंबरची यादी ताडताना आमच्या सूतवाल्यांच्या नावापुढे अडकले. आमच्या वहीत सप्टेंबरमध्ये त्यांची दोन बिलं, त्यांच्या बाजूने एकच. जे बिल त्यांच्याकडे नव्हतं ते १,४८,०५० चं. मागे जाऊन ऑगस्ट बघितला. तिथेही १,४८,०५० चं बिल होतं आणि ते मात्र ऑगस्टच्या यादीशी नीट जुळलेलं होतं. बँकेचा उतारा उघडला. ४ सप्टेंबरला १,४८,०५० गेलेले. २० सप्टेंबरला, घटस्थापनेच्या आदल्या शनिवारी, पुन्हा १,४८,०५० गेलेले.

एकाच बिलाचे पैसे दोनदा.

हे महिनाभर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं अण्णांनी विचारलं आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर थोडं विचित्र आहे. बिल एकदा चढलं आणि पैसे दोनदा गेले, तर खात्यात जादा रक्कम समोरच्याच्या नावे उभी राहते आणि महिनाअखेरीस डोळ्यात खुपते. पण इथे बिलही दोनदा चढलं होतं. दोन बिलं जमा, दोन पेमेंट नावे, खातं साफ. आमच्या वहीत सूतवाल्यांचं ते खातं इतकं स्वच्छ दिसत होतं की कुणी वही उघडून बघितली असती तर शाबासकी दिली असती. ज्या चुकीने पैसे गेले, तिनेच मागचे ठसे पुसले होते. अशी चूक स्वतःच्या वहीत कितीही डोकं घातलं तरी सापडत नाही. ती दुसऱ्याच्या कागदाशी ताडल्यावरच सापडते. मग तो २बी असो, नाहीतर त्यांच्याकडून मागवलेला खाते उतारा असो.

मी तेव्हा इतका शांत विचार करत नव्हते, हे सांगायला हवं. मी पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा अजून माझ्याकडे आहे. फाडला नाही.

> आपणांस कळविण्यात येते की आपल्या बिल क्र. ४१२ पोटी आपण आमच्याकडून रु. १,४८,०५० ही रक्कम दोन वेळा घेतलेली आहे. सदर जादा रक्कम आपल्या खात्यात महिनाभर पडून असूनही आपण आम्हांस कळविले नाही, ही बाब खेदजनक आहे. तरी सदर रक्कम तीन दिवसांच्या आत परत करावी व तशी क्रेडिट नोट द्यावी. अन्यथा करार कायद्याच्या कलम ७२ नुसार आम्हांस पुढील कार्यवाही करावी लागेल.

कलम ७२ खरं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात ते आहे आणि चुकून दिलेले पैसे घेणाऱ्याने परत केले पाहिजेत असंच ते सांगतं. आमच्या सीएंच्या एका जुन्या पत्रातून मी ते उचललं होतं. चार ओळींत दोन वेळा ‘सदर’ आणि आठ वेळा ‘आपण-आपल्या-आम्हांस’. कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसाला दहा रुपये देऊन लिहून घेतल्यासारखं.

पाठवायच्या आधी एक गोष्ट मात्र केली, ती सवयीने. आवक वही मागवली. कारण सारखाच आकडा दोनदा दिसला म्हणजे बिल एकच असं होत नाही. आम्ही २/२० चं सूत नेहमी बारा पोत्यांनीच घेतो. पन्नास किलोचं पोतं, म्हणजे सहाशे किलो. भाव २३५ धरला तर १,४१,००० आणि वर पाच टक्के जीएसटी ७,०५०. एकाच भावात महिन्याच्या अंतराने दोन गाड्या आल्या असत्या तर दोन्ही बिलं शेवटच्या रुपयापर्यंत सारखी झाली असती आणि मी दोन्ही गाड्यांचं सूत विणून, टॉवेल विकून, वर एकाचे पैसे परत मागत बसले असते. असं झालेलं मी पाहिलं आहे, दुसऱ्या कारखान्यात. म्हणून आधी पोती मोजायची. वहीत ऑगस्टच्या ६ तारखेला बारा पोती, गेटवरच्या मामांची सही, गाडी नंबर. त्यानंतर थेट १८ सप्टेंबरला आठ पोती, ती वेगळ्या बिलाची, ४३८ ची. मधे काही नाही. म्हणजे ४१२ चा माल एकदाच आला होता.

मग दुसऱ्यांदा ते बिल चढलं कसं? आमच्याकडे जूनपासून एक मुलगी लागली आहे, बी.कॉम. झालेली, हुशार, थोडी घाई करणारी. माझा संशय तिच्यावर होता आणि तो मी बोलूनही दाखवला. ती काही बोलली नाही. संगणकावर दोन्ही नोंदी शेजारी शेजारी उघडून बाजूला झाली.

पहिली नोंद तिची. सूतवाल्यांच्या मुनीमकाकांनी व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो पाठवला होता, त्यावरून तिने ६ ऑगस्टलाच चढवली. बिल नंबरच्या रकान्यात `412`. दुसरी नोंद ८ सप्टेंबरची. मूळ बिल गाडीवाल्याने गेटवर दिलं, ते आवक वहीच्या पानांत महिनाभर अडकून राहिलं आणि कुणीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवलं. कागदावर जसा छापलाय तसा पूर्ण नंबर टाकलेला, `25-26/412`. माणसाला हे दोन्ही एकच वाटतात. संगणकाला नाही, त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं, त्यामुळे त्याने अडवलं नाही. आणि दुसऱ्या नोंदीखाली नाव माझं होतं.

घटस्थापनेच्या आधी देणी मिटवायची असा अण्णांचा शिरस्ता आहे. त्या शनिवारी मी देण्यांची यादी काढली, त्यात हे बिल ‘बाकी’ दिसलं, आणि ते मीच पाठवून दिलं.

मुलगी पाणी आणायला म्हणून उठून गेली. ती गेली हे तिचं मोठेपण.

आता तो पहिला मसुदा पुन्हा वाचला तेव्हा त्यातला एकच शब्द टोचायला लागला. ‘घेतलेली.’ त्यांनी काय घेतलं होतं? त्यांच्या खात्यात एका शनिवारी रक्कम आली, आमच्या नावाने, त्यांचं आमच्याकडे येणंही होतं, त्यांनी ती जमा करून टाकली. एनईएफटीच्या ओळीत बिल नंबर नव्हता, कारण आम्ही तो लिहिला नव्हता. ‘घेतलेली’ खोडून ‘आपल्याकडे आलेली’ केलं. बरं वाटलं, पण पूर्ण नाही. पैसे आपल्या पायांनी येत नाहीत. शेवटी लिहिलं, ‘आमच्याकडून चुकून गेलेली’. घेतले, आले, गेले. रक्कम तीच, पण तीन क्रियापदं तीन वेगळ्या माणसांना उभं करतात. पहिल्यात ते चोर, दुसऱ्यात कुणीच नाही, तिसऱ्यात मी.

यानंतर जो मसुदा झाला तो मात्र दुसऱ्या टोकाला गेला. अपराधी माणूस फार गोड बोलतो. ‘आपले आमचे कित्येक वर्षांचे स्नेहाचे संबंध’, ‘आपल्या मोठ्या मनाने’, ‘शक्य झाल्यास, सवडीने’. मुलीने तो वाचला आणि विचारलं, “ताई, पण यात आपल्याला पाहिजे काय?” खरंच, रक्कम तिसऱ्या परिच्छेदात होती आणि तारीख कुठेच नव्हती. ‘सवडीने’ लिहिलं की समोरचा सवडीनेच बघणार, यात त्याचा काय दोष? दिवाळीच्या तोंडावर कुठल्या मुनीमाला सवड असते?

तिनेच आणखी एक गोष्ट पकडली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ती मी पकडली, आणि तेवढंच त्या दिवशीचं माझं पुण्य. दोन्ही मसुद्यांत ‘क्रेडिट नोट’ होती. बाजारात आपण सर्रास तसं म्हणतो. पैसे जादा गेले की ‘क्रेडिट नोट द्या’. पण जीएसटीत क्रेडिट नोटला ठरलेला अर्थ आहे. माल परत गेला, माल कमी निघाला, भाव किंवा कर बिलात जास्त लागला, तर बिलाची रक्कम उतरवण्यासाठी विकणारा ती काढतो. ती काढली की त्यांचा कर कमी होतो आणि तेवढीच आमच्या पदरात पडलेली कराची वजावट आम्हाला सोडावी लागते. इथे ४१२ च्या बिलात काडीचीही चूक नव्हती. बारा पोती आली, भाव ठरल्याप्रमाणे, कर बरोबर. चुकलं ते फक्त पैसे देण्यात. त्यांनी आमचं ऐकून क्रेडिट नोट काढली असती तर एका खऱ्या विक्रीचा ७,०५० रुपये कर कागदावरून पुसला गेला असता, आणि पुढच्या महिन्याच्या २बीत आमच्या नावावर उणे उभं राहिलं असतं. पैशाची चूक पैशानेच निस्तरायची, बिलाला हात लावायचा नाही. म्हणून ‘क्रेडिट नोट द्यावी’ खोडून ‘आमच्या खाती जमा धरावी’ असं लिहिलं. ‘जमा धरणे’ हा आपला जुना शब्द या कामाला नेमका आहे. कराशी त्याचं देणंघेणं नाही. आणि आगाऊ जमा राहिलेल्या रकमेवर त्यांना वेगळा जीएसटीही भरावा लागत नाही, मालाच्या बाबतीत तो नियम २०१७ च्या नोव्हेंबरातच निघाला. सेवेचं बिल असतं तर हे गणित वेगळं झालं असतं.

आमच्या वहीतही तसंच करायचं होतं. माझी ८ सप्टेंबरची नोंद काढून टाकली. नशिबाने त्या महिन्याचं रिटर्न अजून भरलं नव्हतं, नाहीतर न आलेल्या मालाचा कर परत घेतल्यासारखं झालं असतं. पण नुसती ती काढून भागत नाही. २० तारखेचं पेमेंट त्या खोट्या बिलाला बांधलेलं होतं. टॅलीत ते `Agst Ref`, म्हणजे ठरावीक बिलापोटी, होतं, ते `On Account`, म्हणजे नुसतं खात्यावर, केलं. मग कुठे त्यांच्या खात्यात आमचं येणं दिसायला लागलं.

अण्णा मधे दोनदा डोकावून गेले. एकदा म्हणाले, “बँकेला सांग की, परत ओढून घे म्हणावं.” चुकीच्या खात्यात गेले असते तरी बँक समोरच्याच्या संमतीशिवाय काढून देत नाही, इथे तर खातं बरोबर, नाव बरोबर, पाठवणारे आम्हीच. बँकेच्या लेखी काहीच चुकलेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, “महिनाभर वापरले ना त्यांनी? मग व्याज नको, पण पुढच्या भावात दोन रुपये सोडा म्हणून लिही.” हे मी लिहिलं नाही. भावाची बोलणी करायची तर ती अण्णांनी सूतवाल्यांच्या शेठना चहाला बोलावून करावी. आपली चूक कबूल करणाऱ्या पत्रात आपणच सवलत मागितली की वाचणारा विचार करतो, ही चूक होती की डाव?

पत्र पाठवायच्या आधी मुनीमकाकांना फोन केला. त्यांची पेढी पूर्व भागातच आहे, स्कूटरवरून वीस मिनिटं. सत्तरीला आलेला माणूस, मला लेकीसारखं ‘अक्का’ म्हणतो. मी सगळं सांगितलं. ते ‘हं, हं’ करत राहिले. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज येत होता. संगणक आहे, पण काकांचा भरवसा अजून वहीवर. मग म्हणाले, “अक्का, आमच्याकडं तर तुमचे एक्कावन्न हजार चारशे पन्नासच जादा दिसतेत.”

माझ्या पोटात गोळा आला. एक लाख अठ्ठेचाळीस हजार कुठे आणि एक्कावन्न कुठे.

पहिला मसुदा गेला असता तर इथे भांडणाला सुरुवात झाली असती, आणि दोघेही बरोबर असताना. झालं होतं असं, की २० तारखेला रक्कम आली तेव्हा काकांच्या वहीत ४१२ आधीच फिटलेलं होतं. समोर आमचं उघडं बिल एकच होतं, १८ सप्टेंबरचं ४३८, आठ पोती, ९६,६०० रुपये. काकांनी तेच फेडून घेतलं आणि उरलेले ५१,४५० खात्यावर जमा ठेवले. कुठलाही मुनीम हेच करेल. बिल नंबर न लिहिता आलेले पैसे तो सगळ्यांत जुन्या बाकीवर टाकतो. आमच्या वहीत मात्र ४३८ अजून द्यायचं होतं, २ नोव्हेंबरपर्यंत मुदत होती. आम्ही येणं मोजत होतो १,४८,०५०, देणं मोजत होतो ९६,६००, आणि वजाबाकी केलीच नव्हती. केली असती तर आमच्याकडेही ५१,४५० च आले असते. दोन्ही वह्या जुळत होत्या. फक्त आम्ही तिकडे ढोबळ आकडा घेऊन निघालो होतो आणि ते निव्वळ आकडा घेऊन बसले होते.

एरवी मी माझ्या वहीतला आकडा पत्रात ठणकावून लिहिते. त्या फोननंतर कळलं की या पत्रात मागणीच्या आधी एक प्रश्न हवा होता: तुमच्याकडे हे कसं दिसतंय? जादा पैसे समोरच्याकडे ‘जादा’ म्हणून बाजूला काढून ठेवलेले नसतात. तोवर ते कशात तरी मुरलेले असतात.

अण्णांना सांगितलं. त्यांना रोख हवी होती, बोनससाठी. ४३८ ची मुदत संपली नव्हती, त्यामुळे पूर्ण रक्कम परत मागायचा हक्क आम्हाला होताच. पण मग काकांनी फेडलेलं बिल पुन्हा उघडायचं, त्यांच्या शेठनी दिवाळीच्या आठवड्यात कॅश क्रेडिटच्या खात्यातून, व्याज भरून, दीड लाख काढायचे, आणि अडीच आठवड्यांनी आम्ही त्यातलेच ९६,६०० त्यांना पुन्हा पाठवायचे. अण्णा थोडा वेळ भिंतीकडे बघत बसले. मग म्हणाले, “राहू दे बे. दिवाळीनंतर सूत लागणारच हाय.” ज्यांच्याकडून पुन्हा माल घ्यायचाच नाही, किंवा ज्यांची पेढी डगमगते आहे असं कानावर आलंय, त्यांच्याबाबत मी अण्णांना हे ऐकू दिलं नसतं. तिथे रोखच मागायची, आणि लगेच.

तिसरा मसुदा मग अर्ध्या तासात झाला. तो असा गेला:

> विषय: बिल ४१२ चे पैसे आमच्याकडून दोनदा गेल्याबाबत, जमा रु. ५१,४५०
>
> नमस्कार काका,
>
> दुपारी फोनवर बोलल्याप्रमाणे लिहीत आहे. तुमचे ६ ऑगस्टचे बिल ४१२ (बारा पोती, रु. १,४८,०५०) आमच्या वहीत चुकून दोनदा चढले आणि त्याचे पैसे आमच्याकडून दोनदा गेले: ४ सप्टेंबरला एकदा आणि २० सप्टेंबरला पुन्हा. दोन्ही पेमेंटचे यूटीआर नंबर खाली दिले आहेत आणि बँक उताऱ्यातल्या त्या दोन ओळी सोबत जोडल्या आहेत. चूक आमच्या नोंदीतली आहे. बिलात काही चूक नाही, त्यामुळे क्रेडिट नोटची गरज नाही.
>
> दुसऱ्या रकमेतून तुम्ही बिल ४३८ चे रु. ९६,६०० फेडून घेतले आहेत, ते आम्हाला मान्य आहे. आम्ही ४३८ चे पैसे वेगळे पाठवणार नाही. उरलेले रु. ५१,४५० पुढच्या बिलात वळते करून घ्यावेत. दिवाळीनंतर साधारण दहा पोती लागतील. ते सोयीचे नसेल, तर ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात परत पाठवले तरी चालेल.
>
> यांपैकी काय करायचे ते शुक्रवारपर्यंत कळवावे आणि १ एप्रिलपासूनचा आमचा खाते उतारा पाठवावा, म्हणजे दोन्हीकडची बाकी एकदा जुळवून घेऊ. तुमच्याकडे काही वेगळे दिसत असेल तर जरूर फोन करा.

यात ‘सदर’ एकदाही नाही. पण खरी छाटणी शब्दांची नव्हती. मी वाचणारा माणूस बदलला होता. पहिलं पत्र शेठना लिहिलं होतं, त्यांना लाज वाटावी म्हणून. हे मुनीमकाकांना आहे, ज्यांना वही उघडून दोन ओळी शोधायच्या आहेत. म्हणून यूटीआर दोन्हींचे. एकच दिला तर काका तो शोधतात, ‘हो, आलेत की’ म्हणतात आणि वही मिटतात. दोन्ही शेजारी दिसले तरच ‘दोनदा’ हे डोळ्यांना पटतं. उतारा दिला तोही दोनच ओळींचा. बाकीचं पान झाकलं, आमच्या इतर व्यवहारांशी त्यांना काय करायचं? ‘शुक्रवारपर्यंत कळवावे’ हे पैशासाठी नाही, नुसत्या उत्तरासाठी आहे. उत्तराला मुदत घातली तर कुणी चिडत नाही.

‘ज्या खात्यातून आले त्याच खात्यात’ हे वाक्य भोळं दिसतं, पण ते मुद्दाम आहे. पैसे परत मागणाऱ्या पत्रात नवा खाते नंबर कधीच लिहायचा नाही. असली पत्रं नक्कल करून, खातं बदलून, पैसे भलतीकडे वळवणारे लोक आहेत. काकांनी उद्या आमच्या नावाने वेगळा खाते नंबर बघितला तर त्यांनी थांबून मला फोन करावा, असं मी त्यांना तोंडीही सांगून ठेवलं.

शुक्रवारी काकांचा व्हॉट्सॲपवर आवाज आला. पाठीमागे फटाके. “अक्का, पुढच्या बिलात वळते करतो. शेठला दाखवलं, शेठ म्हणले, चांगलं लिवलंय.” सोबत उताऱ्याचा फोटो, काकांच्या तिरप्या अक्षरात, शेवटी बाकी जमा ५१,४५० आणि पेढीचा शिक्का. तो छापून मी आमच्या खात्याच्या पानाला टाचला. बोनस अण्णांनी कुठून उभा केला ते मी विचारलं नाही. वेळेवर दिला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दहा पोती आली. बिल पूर्ण रकमेचंच, जसं असायला हवं तसं: पाचशे किलो, २३२ चा भाव, करासह १,२१,८००. खाली छपाई संपल्यावर काकांनी पेनाने लिहिलं होतं, ‘मागील जमा ५१,४५० वजा जाता देणे ७०,३५०’. एनईएफटी करताना या वेळी शेऱ्याच्या रकान्यात बिल नंबर टाकला.

हे बिलही आधी फोटोच होऊन आलं होतं, गाडी गेटवर यायच्याही आधी. मुलीने फोन माझ्यासमोर धरला. “ताई, चढवू?”

“कागद येऊ दे,” मी म्हटलं.

कागद तासाभराने आला. तिने तो चढवला, कोपऱ्यात नोंदीचा नंबर आणि तारीख घातली, खाली स्वतःची सही केली, आणि मग कागद माझ्याकडे सरकवून पेन पुढे केलं.

“तुमचीपण,” ती म्हणाली.